खाटा एकूण किती होत्या?

बाईंना शाळेत सगळे 'स्वल्पविराम बाई' म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी हे नाव पडलं. मुख्याध्यापकांनी फळ्यावर इंग्रजीत सूचना लावली होती: "द क्लासरूम्स, विच आर डर्टी, विल बी लॉक्ड टुमॉरो." म्हणायचं होतं ते एवढंच की, ज्या दोन वर्गांत कचरा पडलाय, ते उद्या बंद राहतील. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, अंगाने काडी, पण जिभेला हाड नाही. सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, उद्या शाळा कुठे भरवायची?"

"म्हणजे?"

"तुम्ही विचच्या आधी एक आणि डर्टीच्या नंतर एक असे दोन स्वल्पविराम दिलेत. त्याचा अर्थ, शाळेतले सगळेच वर्ग घाणेरडे आहेत आणि सगळ्यांनाच कुलूप लागणार."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतः उठून गेले आणि बोटाने ते दोन स्वल्पविराम पुसून आले. मागून 'विच'चं 'दॅट' करायला बाई गेल्या. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते एकतीस वर्षं सुटलं नाही.

शिकवायची त्यांची पद्धत साधी होती. त्या सांगायच्या, "स्वल्पविरामांची जोडी म्हणजे टोपलीच्या दोन कड्या. दोन्ही धरून मधला मजकूर उचला आणि बाजूला ठेवा. उरलेलं वाक्य तेच सांगत असेल, तर मजकूर वरचा होता, जादा माहिती होती, तिथे विच. उचलल्यावर 'कुठले? कोणते?' असा प्रश्न पडला, तर तो मजकूर उचलायचा नव्हताच. तिथे दॅट, आणि स्वल्पविराम नाही." मुलं चुकायची ती नेहमी एकाच जागी, आणि त्याचं कारणही बाईंनी शोधून काढलं होतं. आपण लिहितो, 'ज्या खाटा मोडल्या होत्या, त्या पाठवल्या.' मधे स्वल्पविराम देतो, तरी अर्थ 'मोडलेल्या तेवढ्याच' असाच राहतो, कारण आपल्याकडे 'ज्या' आणि 'त्या' मिळून गाठ मारतात. इंग्रजीत ती गाठ नाही. तिथे स्वल्पविराम दिला की गाठ सुटते आणि मोडक्या खाटांबरोबर चांगल्याही दुरुस्तीला निघतात.

लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ गेल्यावर त्या आणि वहिनी अशा दोघी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या. वहिनी शिवणकाम करायच्या, बहुतेक दुरुस्तीचं: उसवलेले खिसे, बिघडलेल्या चेनी, आखूड करायचे पायजमे. त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, आणि बाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोघींचं त्यामुळे उत्तम जमायचं.

निवृत्तीनंतर बाईंना सरकारी दवाखान्यांच्या भरती परीक्षेच्या मंडळावर बोलावणं आलं. भांडारलेखनिकाच्या जागांसाठी लेखी परीक्षा व्हायची, तिच्यातले इंग्रजीचे वीस प्रश्न बाईंनी काढायचे. परीक्षेचं काम बघणारे अधिकारी, ज्यांना सगळे साहेबच म्हणत, ते बाईंवर खूश होते. "बाईंच्या प्रश्नांवर कधी आक्षेप येत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे. सलग सहा वर्षं आला नव्हता.

सातव्या वर्षी आला.

परीक्षा झाली, उत्तरांची तात्पुरती यादी आणि तिच्यावरून पहिली गुणवत्ता यादी लागली. आक्षेप नोंदवायला उमेदवारांना आठवडा मिळायचा. आठवड्याने साहेबांनी बाईंना कचेरीत बोलावून कागदांचा एक गठ्ठा पुढ्यात ठेवला. बहुतेक कागद नेहमीचेच होते. कुणाला पेपर अवघड वाटला, कुणाच्या खिडकीतून ऊन येत होतं, कुणी नुसतंच 'सहानुभूतीने विचार व्हावा' असं लिहिलेलं. बाईंनी भराभर शेरे मारले. मग चौदाव्या प्रश्नावरचा कागद आला. प्रश्न होता, योग्य वाक्य निवडा:

अ) द बेड्स, विच वेअर ब्रोकन, वेअर सेंट फॉर रिपेअर.
ब) द बेड्स, दॅट वेअर ब्रोकन, वेअर सेंट फॉर रिपेअर.
क) द बेड्स दॅट वेअर ब्रोकन वेअर सेंट फॉर रिपेअर.
ड) द बेड्स विच वेअर ब्रोकन, वेअर सेंट फॉर रिपेअर.

उत्तरांच्या यादीत होतं क. आक्षेप घेणारी बाई एका दवाखान्यात वॉर्डमदतनीस होती. अक्षर मोठं, एकेक शब्द सुटा लिहिलेला. तिने लिहिलं होतं: 'अ पण बरोबर आहे. सगळ्या खाटा मोडक्या असतील तर अ. काही मोडक्या असतील तर क. सगळ्या की काही, ते प्रश्नात दिलेलं नाही.'

बाई गालातल्या गालात हसल्या. 'अर्धं शिकलीये,' असं मनात म्हणून त्यांनी लाल शाईने शेरा लिहिला: 'आक्षेप अमान्य. नेमक्या कोणत्या खाटा हे सांगणारा मजकूर आवश्यक असल्याने दॅट, स्वल्पविरामाविना.' आणि खाली सही ठोकली.

"सुनावणीला यायचंय म्हणते ती," साहेब म्हणाले. "नियमात बसतं. गुरुवारी पाच मिनिटं देऊ, म्हणजे तिचंही समाधान."

घरी आल्यावर बाई चहा पीत बसल्या. वहिनी मशीनवर एका जॅकेटची चेन उसवत होत्या. दिवसभरातलं काहीतरी सांगायचं, म्हणून बाईंनी हा किस्सा सांगायला घेतला.

"अगं, एका मदतनीस बाईने माझाच प्रश्न मला शिकवलाय. बघ हं, दोन वाक्यं आहेत. एक, 'मोडलेल्या खाटा दुरुस्तीला पाठवल्या.' दुसरं, 'खाटा दुरुस्तीला पाठवल्या, त्या सगळ्याच मोडल्या होत्या.' यातलं बरोबर कुठलं?"

वहिनींनी दातात धरलेला दोरा तोडला. "खाटा एकूण किती होत्या?"

"तीस."

"आणि मोडलेल्या?"

"पाच."

"मग पहिलं बरोबर. यात काय एवढं? तीसच्या तीस कशाला पाठवतील?"

"तेच तर म्हणतेय मी!"

"मग त्या बिचारीला हे कळलं कसं नाही? तीस आणि पाच लिहिलं असेल ना पेपरात."

बाईंनी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. "हे काय, इथे—" म्हणून त्यांनी चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. 'योग्य वाक्य निवडा,' आणि खाली चार पर्याय. तीस नव्हते. पाच नव्हते.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"छापलेलं नाहीये," बाई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं, वहिनी. मला पक्कं आठवतंय, 'वॉर्डात तीस खाटा होत्या, त्यातल्या पाच मोडल्या होत्या.' हे वाक्य होतं वर. छापखान्यात गळलं."

छापखान्यात गळलं, हे म्हणताना त्यांना बरं वाटलं. उठून त्यांनी कपाटातून कच्च्या पेपरांची फाइल काढली, छापखान्याच्या तोंडावर मारायला पुरावा हवा म्हणून. चौदावा प्रश्न सापडला. वरचं वाक्य होतं तिथेच, आणि त्याच्यावरून एक आडवी रेघ मारलेली होती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'जागेअभावी वगळले.' अक्षर बाईंचं होतं.

मग सगळं आठवलं. शेवटच्या बैठकीत पेपर चार पानांवरून पाचव्यावर जात होता. साहेब म्हणाले होते, दोन ओळी कुठून तरी काढा. बाईंनी पेन घेतलं आणि ज्या ओळी त्यांना स्वतःला लागत नव्हत्या, त्या काढल्या. त्यांना कशाला लागतील? खाटा तीस, मोडक्या पाच, हे त्यांच्या डोक्यात होतंच. पर्याय बनवताना तर त्यांनी किती काळजी घेतली होती! काही पुस्तकं विच बिनस्वल्पविरामाचंही चालवून घेतात, तेव्हा वाद नको म्हणून 'ड' मध्ये मुद्दाम एकच स्वल्पविराम घालून ते वाक्य नक्की चुकवलं होतं. मुंगीला वाट राहू नये म्हणून भिंतीतली भेग बुजवली, आणि दरवाजा सताड उघडा ठेवला.

"वहिनी," त्या फाइल मिटून म्हणाल्या, "अ सुद्धा बरोबर आहे."

"म्हणजे ती मदतनीस बरोबर?"

"शंभर टक्के. आणि मी तिला लाल शाईने अमान्य लिहून आलेय."

वहिनींनी नवी चेन जॅकेटला लावून पाहिली. "उसवता येतं ना अजून?" एवढंच त्या म्हणाल्या.

गुरुवारी बाई वेळेआधी पाव तास कचेरीत पोचल्या आणि फाइल साहेबांपुढे उघडून ठेवली. साहेबांनी वाचलं, रेघ पाहिली, समासातलं अक्षर पाहिलं. मग उठून दार लोटून घेतलं.

"हे कुणी बघितलंय?"

"मी. आणि माझ्या वहिनींनी, पण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही."

"मग विषय संपला. बाई, तुम्हाला कल्पना आहे का? उत्तराची यादी बदलली की गुणवत्ता यादी नव्याने लावायची. अ लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक गुण वाढणार. म्हणजे शेवटच्या जागांवर काही आत येणार आणि तेवढेच बाहेर जाणार. जे बाहेर जातील त्यांनी काय पाप केलं? त्यांचं उत्तर तर बरोबरच होतं."

या बाजूने बाईंनी विचार केला नव्हता, आणि साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"हवं तर छापखान्याची चूक म्हणून नोंद करतो," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "तुमचं नाव कुठे यायला नको. सहा वर्षांत एक आक्षेप नाही तुमच्यावर."

"छापखान्यात जुळवणी करणारा माणूस दोन मुलींचा बाप आहे, साहेब. मी पाठवलं तसंच त्याने छापलं."

"मग काय करायचं म्हणता?"

उत्तर द्यायच्या आत शिपायाने दार ढकललं आणि मदतनीस बाई आत आली. तिशीची असेल. दवाखान्याचा फिका निळा गणवेश अंगावर तसाच होता, कामावरून थेट आलेली. खुर्चीच्या कडेवर बसली.

साहेबांनी समोरचा कागद पुढे ओढला. "तुम्ही कुठला पर्याय लिहिलात?"

"अ."

"का?"

"आमच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. गेल्या वर्षी आठच्या आठ मोडल्या आणि आठही गेल्या दुरुस्तीला. मला वाटलं, असंच असेल."

साहेब हसले. "अहो, परीक्षा काही तुमच्या वॉर्डावर नव्हती."

"मग कुणाच्या वॉर्डावर होती, ते लिहायला हवं होतं, साहेब," ती म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. कपाटात किती औषधं आहेत हे सांगावं, तसं तिने सांगितलं होतं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आपण आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं. जागा पुरत नव्हती म्हणून. तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते वाक्य नसेल तर अ आणि क दोन्ही शुद्ध, फक्त अर्थ वेगळे. तुमच्या कागदावर मी अमान्य लिहिलं, ते चूक झालं माझं."

मदतनीस गोंधळली. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाच्या हातातली काठीच कुणी काढून घ्यावी, तसं झालं. ती म्हणाली, "नाही, म्हणजे... बाई, तुमच्या शेऱ्याची प्रत मिळाली, ती मी दोनदा वाचली. मला वाटलं, माझंच काहीतरी राहिलं शिकायचं."

"कुठे शिकलात हे?"

"वॉर्डात एक म्हातारे पेशंट होते, तीन महिने. त्यांचं व्याकरणाचं पुस्तक उशाशी असायचं. जाताना मला देऊन गेले. नाइटला झोप येऊ नये म्हणून वाचायची."

साहेबांनी सुनावणी संपल्याचं सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी एक कोरा कागद बाईंपुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी द्या, बाई. आता तोंडी बोलून झालंय, तर लेखीच द्या."

बाईंनी तिथेच बसून अर्धं पान लिहिलं. आपण वाक्य कधी आणि का वगळलं, त्याने प्रश्नाचा अर्थ कसा सुटला, छापखान्याचा यात काही दोष नाही. सही केली, तारीख घातली.

यादी नव्याने लागली. अकरा जण आत आले, अकरा जण बाहेर गेले. गंमत अशी की, मदतनीस बाई आत आली नाही. तिला वाढीव गुण मिळाला, पण गणितात ती तीन गुणांनी मागे राहिली होती. हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग सगळा खटाटोप कशाला केला तिने?" बाईंना एवढंच वाटलं, की त्या बाईला जागेपेक्षा आपण वेडे ठरलो नाही याची खात्री हवी असावी. पण हाही त्यांचा अंदाजच.

पुढच्या वर्षी मंडळाचं बोलावणं आलं नाही. कुणी कागद पाठवला नाही, फोन केला नाही. बाईंनीही विचारलं नाही.

पण त्याआधीच, नवी यादी लागल्यावर दोनेक महिन्यांनी, दुपारची वेळ, दाराशी एक गृहस्थ येऊन उभा राहिला. तिशी उलटलेला, हातात हेल्मेट, शर्ट नीट खोचलेला. वहिनींना वाटलं, कपडे दुरुस्तीला घेऊन आला असेल. तो म्हणाला, "इंग्रजीचे प्रश्न काढणाऱ्या बाई इथेच राहतात ना?"

बाई पुढे झाल्या. तो एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सहायक होता. पहिल्या यादीत त्याचं नाव शेवटून तिसरं होतं. त्याने घरी पेढे नाही तरी बिस्किटं वाटली होती, वरिष्ठांना सांगून झालं होतं. दुसऱ्या यादीत नाव नव्हतं.

"मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "फक्त समजून घ्यायचंय. चौदावा प्रश्न ना?"

"हो."

"मी क लिहिलं होतं. ते बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग?"

बाईंनी त्याला आत बोलावलं. प्रश्नपत्रिका काढली, कच्चा पेपरही काढला, रेघेसकट. त्याला दोन्ही दाखवलं. अ मध्ये सगळ्या खाटा, क मध्ये काही. वरचं वाक्य असतं तर क एकटंच बरोबर ठरलं असतं, ते नाही म्हणून दोन्ही बरोबर. तो मन लावून ऐकत होता. एकदा त्याने स्वतःच पेन्सिल घेतली, विच आणि दॅटच्या आजूबाजूला स्वल्पविराम देऊन पाहिले आणि मान हलवली.

"म्हणजे हे वाक्य तुम्ही खोडलं नसतं, तर मी लागलो असतो."

"हो," बाई म्हणाल्या. "असंच आहे ते."

"आणि खोडलेलं कुणाला सांगितलं नसतं, तरी लागलो असतो."

"तरीही लागला असतात."

तो माणूस कागदाकडे बघत बसला. बाईंच्या मनात माफीचे शब्द येत होते, पण सगळे तोकडे वाटत होते. शाळेत त्या मुलांना सांगायच्या, नेमका शब्द सापडत नसेल तर थांबा, भलता लिहू नका. त्या थांबल्या.

"माझं चुकलं," शेवटी त्या म्हणाल्या. "सांगितलं ते नाही. खोडलं ते."

त्याने हेल्मेट उचललं. वहिनींनी दिलेलं पाणी उभ्यानेच प्यायला. दारापर्यंत जाऊन वळला. "दोन्हीतला फरक मला आधी माहीतच नव्हता," तो म्हणाला. "मी क लिहिलं ते स्वल्पविराम कमी दिसले म्हणून." आणि हसला, थोडं स्वतःवर, थोडं कशावर तरी. मग जिना उतरून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि बाईंनी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

संध्याकाळी वहिनी भाजी निवडत होत्या. बाई शेजारी येऊन बसल्या.

"परत येईल का गं तो परीक्षेला?" वहिनींनी विचारलं.

"वयाची मर्यादा अजून दोन वर्षं आहे म्हणाला."

"मग तू शिकव की त्याला. दुपारी काय करतेस नाहीतरी?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी दवाखान्यात जाऊन मदतनीस बाईला गाठलं. गणितात तीन गुण कमी पडतात म्हणजे नेमकं काय अडतं, असं विचारलं. ती म्हणाली, टक्केवारी. बाईंना टक्केवारी फारशी येत नव्हती. "मग आपण दोघी शिकू," त्या म्हणाल्या, "आणि इंग्रजी मी बघते." प्रयोगशाळेतल्या त्या सहायकाचा पत्ता कुठे मिळेल, हेही त्यांनी तिथेच, तिलाच विचारलं. ती म्हणाली, तो आमच्याच दवाखान्यातला, प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, उजवीकडे. बाई तिकडे वळल्या. दारापर्यंत गेल्या, आतून काचेच्या बाटल्यांचा आवाज येत होता. पदर सारखा केला आणि दार वाजवलं.